धागा: एक्सवर मंडळाच्या बसचं कॅप्शन बसत नाहीये, काय कापू?

खाडीपलीकडचा
मंडळी, आमचं गुहागर तालुक्यातल्या गावाचं मुंबई मंडळ आहे, गणपतीला चाकरमान्यांसाठी दरवर्षी बस काढतो. यंदा अध्यक्षांनी मजकूर लिहून दिलाय आणि म्हणाले व्हॉट्सअ‍ॅप, एक्स सगळीकडे हाच टाक, एक अक्षर बदलू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, एक्सवर २८० ची मर्यादा आणि तिथे लाल रंगात उणे १९९ दाखवतंय. मला वाटलेलं थोडंफार जास्त असेल, बघून तर एवढं काही लांब वाटत नाही. मजकूर असा :

॥ श्री गणेशाय नमः ॥
सर्व ग्रामस्थ व मुंबईकर चाकरमानी बंधू-भगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, दरवर्षीप्रमाणे याही वर्षी आपल्या मंडळातर्फे गणेशोत्सवानिमित्त परळ ते गुहागर अशा बससेवेची सोय करण्यात आलेली आहे. बस शनिवार दि. १२ सप्टेंबर रोजी रात्री ठीक ९ वाजता परळहून सुटेल. तरी इच्छुकांनी खालील लिंकवर जाऊन आपली नावनोंदणी रविवार दि. २३ ऑगस्टपर्यंत करावी ही नम्र विनंती. भाडे प्रत्येकी रुपये ७०० फक्त.
(इथे गुगल फॉर्मची लिंक)
आपले नम्र - अध्यक्ष, सचिव, खजिनदार व सर्व पदाधिकारी

लिंक तर ठेवायलाच हवी कारण नावं तिथेच येतात, फोनवर नावं घ्यायची म्हणजे माझीच वाट लागते. काय काय उडवू सांगा.

तात्या_चिपळूण
सोप्पं आहे रे. लिंक बिटलीवरून छोटी करून घे, अर्धी जागा तिथेच सुटेल. गुगल फॉर्मची लिंक म्हणजे मारुतीची शेपटी असते.

मालवणी_झील
ही बस कुडाळाक जाता काय? आमच्या मंडळाची यंदा भरली हा, दोन शिटी व्हयी होती.

खाडीपलीकडचा
@मालवणी_झील नाही हो, चिपळूणवरून गुहागरला वळते. तुमच्यासाठी अर्ध्या वाटेत उतरावं लागेल :)
@तात्या केली छोटी. आकडा हललाच नाही, उणे १९९ च आहे. असं कसं?

अनुस्वार
हलणारच नाही. एक्सवर कुठलीही लिंक टाका, ती आतून स्वतःच्या t.co पत्त्यावर फिरवतात आणि मोजताना सरसकट २३ अक्षरं धरतात. तुमची forms.gle ची लिंक https:// धरून ३५ अक्षरांची आहे, तीही २३. बिटलीची २२ ची असेल तर तीसुद्धा २३, म्हणजे उलट एक जास्तच. तेव्हा एक्ससाठी लिंकच्या मागे लागू नका, ती आहे तशी ठेवा. उरलेले २५७ मजकुराचे असं डोक्यात धरून चाला.

आणि बघून लांब वाटत नाही म्हणालात त्याचं कारण देवनागरी. आपण तोंडाने मोजतो, एक्स टाइप केलेली प्रत्येक खूण मोजतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळ्यांना एकेक. तुमचा 'गणेशोत्सवानिमित्त' घ्या. म्हणताना ग-णे-शो-त्स-वा-नि-मि-त्त अशी ८ अक्षरं, काउंटरला १७. त्याच जागी 'गणपतीला' लिहा, ७ मध्ये काम होतं आणि गावात बोलतातही तसंच, 'गणेशोत्सवानिमित्त गावी चाललोय' असं कोण म्हणतं? जोडाक्षरं जितकी जास्त तितका मजकूर महाग, आणि आपली सरकारी थाटाची मराठी जोडाक्षरांनीच भरलेली.

रापण
मोजायला एक्स उघडायची पण गरज नाही, गुगल शीटमध्ये मजकूर एका घरात टाकायचा आणि शेजारी

```
=LEN(A1)
```

मी तुमचा मजकूर लांब लिंकसकट टाकून पाहिला, ४९१ आले. म्हणजे तुम्ही २११ ने जास्त आहात, १९९ ने नाही. एक्सचं काहीतरी गंडलंय.

अनुस्वार
@रापण गंडलेलं नाही, तुमच्या शीटने लिंकचे खरे ३५ मोजले. ४९१ मधून ३५ काढा, २३ घाला, ४७९ येतात, म्हणजे २८० वर १९९ च. LEN वापरा खुशाल, फक्त लिंक बाहेर ठेवून २३ हाताने मिळवा. आणखी एक, इमोजी आणि ₹ या दोघांना एक्स २ धरतं, तिथेही शीटचा आकडा फसतो. तरीपण ₹ च वापरा, 'रु.' ला टिंबासकट ३ लागतात.

आता कापायचं. मी आधी एक शब्दही नवा न लिहिता नुसती कात्री लावून बघते. 'श्री गणेशाय नमः' पासून 'आनंद होत आहे की' पर्यंत बरोब्बर १०० अक्षरं आहेत आणि त्यात बसचा ब सुद्धा नाही. शेवटची 'आपले नम्र' ची ओळ ५१. ही दोन टोकं (मधली जागा आणि ओळ बदल धरून) काढली की ४७९ चे ३२६ झाले. 'दरवर्षीप्रमाणे याही वर्षी' गेलं, ३००. 'आपल्या मंडळातर्फे' गेलं कारण अकाउंटच मंडळाचं आहे, वर नाव दिसतंच, २८२. मग गणेशोत्सवानिमित्तचं गणपतीला, २७२. बसलं.

खाडीपलीकडचा
अरे वा, म्हणजे माहिती एकही न जाता बसलं की! हेच टाकतो.

अनुस्वार
थांबा, बसलं म्हणजे झालं असं नाही. मोठ्याने वाचा. 'गणपतीला परळ ते गुहागर अशा बससेवेची सोय करण्यात आलेली आहे', मग तारीख, मग 'तरी इच्छुकांनी खालील लिंकवर जाऊन'. नोटीस बोर्डावरचा कागदच आहे अजून, फक्त डोकं-पाय छाटलेला. लोकलमध्ये उभ्याने अंगठा फिरवणारा माणूस पहिली ओळ वाचतो, दुसरीवर नजर टाकतो. त्याला हवंय ते म्हणजे कुठून कुठे, कधी, किती पैसे, नाव कधीपर्यंत आणि कुठे. हे पाच सोडून बाकीचं सगळं काढून टाकू आणि मग उरलेल्या जागेत काय परत घ्यायचं ते ठरवू. कापत कापत खाली येण्यापेक्षा हे बरं पडतं, कारण कापताना प्रत्येक शब्दाचा जीव जातो असं वाटतं, भरताना हिशेब राहतो.

गणपतीला गावी जायची बस: परळ ते गुहागर
शनिवार १२ सप्टेंबर, रात्री ९ वाजता
भाडे ₹७००
नावं २३ ऑगस्टपर्यंत नोंदवा:
(लिंक)

लिंक धरून १३४. अजून १४६ शिल्लक आहेत.

'खालील लिंकवर जाऊन' ची गरजच पडत नाही, 'नोंदवा' च्या पुढे दोन टिंबं आणि खाली निळी लिंक असली की कळतं. फक्त लिंक स्वतंत्र ओळीवर ठेवा. आपल्याला सवय असते लिंकला 'वर' किंवा पूर्णविराम चिकटवायची, काही अ‍ॅपमध्ये तो 'वर' लिंकचाच भाग होऊन बसतो आणि माणूस दाबतो तेव्हा पान सापडत नाही.

वाशीकर_काकू
हे फारच कोरडं झालं बाई. आणि पनवेल, वाशीचं काय? आम्ही परळला उलट जायचं का बस धरायला? मागे आमच्या सासरच्या मंडळाने असंच 'परळहून सुटेल' एवढं लिहिलेलं, वाशीच्या लोकांनी समजून घेतलं की इकडे थांबत नाही आणि सगळ्यांनी दुसरीकडे बुकिंग केलं.

खाडीपलीकडचा
काकू थांबते ना, सायन, चेंबूर, वाशी, पनवेल. ते फॉर्ममध्ये निवडायला दिलंय म्हणून मजकुरात नव्हतं.

अनुस्वार
काकूंचा मुद्दा एकदम बरोबर. फॉर्मपर्यंत पोचायच्या आधीच ज्याच्यावर माणूस हो-नाही ठरवतो ते बाहेर हवं, बाकी फॉर्ममध्ये. 'थांबे: सायन, चेंबूर, वाशी, पनवेल' ओळ बदल धरून ३३, म्हणजे १६७ झाले. मघाच्या २७२ वाल्या मजकुरात हे बसलंच नसतं, तिथे ८ च उरले होते.
कोरडेपणावर म्हणाल तर शेवटी 'गणपती बाप्पा मोरया!' घाला, २० लागतात. १८७. शंभर अक्षरांच्या नमस्काराचं काम वीसमध्ये होतं.

सुरंगी
माझा प्रॉब्लेम वेगळाय पण इथेच विचारते. तारकर्लीला आमचं होमस्टे आहे, मी इन्स्टावर टाकते, तिथे २२०० ची मर्यादा आहे त्यामुळे मी बिनधास्त लिहिते, सोलकढीपासून स्कूबापर्यंत सगळं, आणि खाली बुकिंगची लिंक. लोक मात्र कमेंटमध्ये विचारत बसतात बुकिंग कुठे करायचं. लिंक दिलीय तरी!

अनुस्वार
@सुरंगी इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये लिंक दाबता येत नाही, नुसती काळी अक्षरं दिसतात, कॉपीपण धड होत नाही. लिंक बायोमध्ये ठेवा आणि कॅप्शनमध्ये 'बुकिंगची लिंक बायोत' एवढंच लिहा. शिवाय २२०० असले तरी पहिल्या साधारण १२५ अक्षरांनंतर घडी पडते, पुढचं 'more' दाबल्यावर दिसतं. मराठीत तर १२५ म्हणजे दोन वाक्यं जेमतेम. तेव्हा सोलकढी नंतर, खोली किती जणांची आणि तारखा कुठल्या मोकळ्या ते आधी.

सुरंगी
सोलकढी नंतर?? सोलकढी बघूनच लोक येतात हो. पण बायोचं करते.

तात्या_चिपळूण
एवढी कापाकापी कशाला, निळी टिक विकत घ्या मंडळाच्या नावाने, लांबच लांब लिहिता येतं म्हणे.

अनुस्वार
येतं, पण टाइमलाइनवर पहिले २८० च दिसतात, पुढे 'Show more'. अध्यक्षांच्या मजकुरात लिंक सगळ्यात खाली आहे, म्हणजे पैसे भरून लिंक लपवायची.

रापण
मग दोन पोस्ट करा ना, पहिलीत सगळा मजकूर, लिंक खाली रिप्लायमध्ये. लिंक असलेली पोस्ट एक्स कमी लोकांना दाखवतं, मोठी मोठी अकाउंटं अशीच करतात.

अनुस्वार
ते मीही ऐकलंय आणि मोठ्या अकाउंटना फरक पडतही असेल. पण मंडळाची पोस्ट कशी फिरते बघा, कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो नाहीतर ती एकच पोस्ट पुढे ढकलतो, रिप्लाय मागेच राहतो. मी तरी एकाच पोस्टमध्ये ठेवीन.

रापण
मला नाही पटत. पोचलीच नाही पोस्ट तर लिंकचं काय लोणचं घालायचंय? आमच्या क्रिकेट मंडळाची रिप्लायवालीच जास्त चालते.

अनुस्वार
तुमच्याकडे चालत असेल तर चालवा, क्रिकेटवाले रिप्लाय वाचत बसतात :) बसचं गिऱ्हाईक वाचत नाही.

खाडीपलीकडचा
अजून एक काम आहे. गावाकडची म्हातारी मंडळी आणि साधा फोनवाले काही आहेत, त्यांना मी माझ्याच फोनवरून एसेमेस करतो. हेच १८७ वालं पाठवलं तर?

अनुस्वार
जाईल, पण तुकडे होऊन. इंग्रजी एसेमेस १६० चा असतो, देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी तो ७० चा होतो, आणि लांबला तर प्रत्येक तुकडा ६७ चा. पैसेही तुकड्यांवर. आणि इथे t.co नाही, लिंक जेवढी आहे तेवढीच मोजली जाते, म्हणजे तात्यांची बिटली इथे खरी कामाची. बघा :

गणपती बस १२/९ रात्री ९ परळ. नावं २३/८ पर्यंत

पुढची जागा धरून ४५. https सकट तुमची ३५ ची लिंक लावली तर ८०, दोन तुकडे. बिटलीची २२ ची लावली तर ६७, एकात जातं.

तात्या_चिपळूण
बघा!! मी पहिल्यापासून सांगत होतो.

रापण
बिटली नकोच, आमचे काका बिटली बघितली की फ्रॉड म्हणतात आणि डिलीट करतात. https:// काढा, forms.gle वाली २७ ची होते. ४५ आणि २७, ७२ झाले. आता 'पर्यंत' च्या जागी 'आधी' घाला, ६ चे ३ होतात, ६९. बसलं एकात, बिटली पण नाही.

अनुस्वार
हिशेब बरोबर, पण अर्थ बदलला. '२३/८ आधी' म्हणजे २२ ला बंद. २३ ला रविवार आहे, सुट्टीच्या दिवशी निवांत नाव घालू म्हणणारे सगळे त्याच दिवशीचे असतात, ते समजणार तारीख गेली. वाचवायचेच आहेत तर 'रात्री ९' मधून वाचवायचा मोह पण आवरा, सकाळी ९ ला येऊन उभे राहतील. तारखेच्या आणि वेळेच्या आजूबाजूचे शब्द सगळ्यात शेवटी कापायचे. 'गणपती बस' चं नुसतं 'बस' करा एकवेळ, नंबर तुमचा ओळखीचा आहे, सप्टेंबरात दुसरी कुठली बस असणार. त्याने ६ सुटतात, 'पर्यंत' ठेवूनही ६६ होतात.
https काढल्यावर मात्र काही फोनमध्ये लिंक निळी होत नाही, आधी स्वतःला एक पाठवून बघा. आणि forms.gle च्या पुढची अक्षरं लहान-मोठी जशीच्या तशी लागतात, कोणी हाताने टाइप करणार असेल तर चुकणारच.

वाशीकर_काकू
साध्या फोनवर फॉर्म तरी कुठे उघडतो? त्यांना लिंक कशाला पाठवता?

अनुस्वार
हेही खरंच.

खाडीपलीकडचा
बरोबर आहे काकू, त्यांना मग 'नावासाठी मला फोन करा' असंच लिहितो, लिंकच नको. म्हणजे फिरून फोन माझ्याच गळ्यात :(

मालवणी_झील
माका एक सांगा, ₹७०० म्हणजे जावन-येवन काय नुसता जावचा? आमच्याकडे मंडळ दोन्ही बाजूचा एकदमच घेता.

खाडीपलीकडचा
फक्त जायचं. परतीची बस वेगळी, ती दीड दिवसाची की गौरी-गणपती विसर्जनानंतरची त्यावर मीटिंगमध्ये अजून भांडणं चालू आहेत.

अनुस्वार
झील, मस्त पकडलंत. हे मूळच्या ४७९ मध्येसुद्धा नव्हतं, 'प्रत्येकी' आणि 'फक्त' होतं पण कशाचे ७०० ते नाही. '(एका बाजूचं)' घाला, जागा धरून १३, एकूण २००.

गणपतीला गावी जायची बस: परळ ते गुहागर
शनिवार १२ सप्टेंबर, रात्री ९ वाजता
थांबे: सायन, चेंबूर, वाशी, पनवेल
भाडे ₹७०० (एका बाजूचं)
नावं २३ ऑगस्टपर्यंत नोंदवा:
(लिंक)
गणपती बाप्पा मोरया!

उरलेले ८० तसेच राहू द्या, भरायच्या मागे लागू नका. पोस्ट करण्याआधी लिंक दुसऱ्याच्या फोनवर, गुगलचं लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. फॉर्ममध्ये एका माणसाला एकच उत्तर अशी सेटिंग असेल तर तो आधी लॉगिन मागतो, आणि घरातल्या चौघांची नावं एकाच फोनवरून घालणारे तिथेच अडकतात.

खाडीपलीकडचा
बघितलं, खरंच लॉगिन मागत होता, ती सेटिंग काढली. आता खरा प्रश्न. अध्यक्षांना हे दाखवलं तर म्हणाले आमची नावं कुठायत, आणि मंडळाचं नाव नाही, आनंद नाही, विनंती नाही, 'नोंदवा' म्हणजे काय हुकूम सोडलायस का.

वाशीकर_काकू
'नोंदवा' चं 'नोंदवावीत' कर की, गोड वाटतं.

अनुस्वार
३ अक्षरं जास्त, करा, जागा आहे. नावांसाठी फोटो आहे ना. पोस्टला चित्र जोडलं तर त्याची अक्षरं मोजत नाहीत, पोस्टरवर श्री गणेशाय नमः पासून खजिनदारांपर्यंत सगळं घाला. फक्त तारीख, वेळ आणि लिंक मजकुरातही हवीच, पोस्टरवरची लिंक दाबता येत नाही आणि तारीख शोधायला लोक पोस्टर झूम करत नाहीत.

तात्या_चिपळूण
पोस्टरवर अध्यक्षांचा फोटो बाप्पापेक्षा मोठा नको एवढं बघा रे.

खाडीपलीकडचा
नोंदवावीत केलं, २०३ झाले. टाकली पोस्ट. पोस्टर सचिव बनवतायत, त्यात सौजन्य म्हणून कोणाचं तरी पतपेढीचं नाव घालायचंय आणि त्या साहेबांनी मजकूर पाठवलाय, तो एकटाच साडेतीनशे शब्दांचा आहे.

मालवणी_झील
तुमच्याकडल्या परतीच्या बसचा ठरला की सांगा, चिपळुणाक चढाक गावली तर बरा.